टाक्याजवळचा खळगा

मुलगी झाली तेव्हा माझं सिझर झालं. ती वर्षभराची झाल्यावर पाळी परत सुरू झाली, पण ती पूर्वीसारखी नव्हती. चार दिवस नेहमीसारखे जायचे, पाचव्या दिवशी वाटायचं संपलं, आणि सहाव्या दिवशी पुन्हा डाग. लाल नाही, तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा. फार नाही, पण रोज. सात दिवस, कधी आठ. महिन्यातले बारा दिवस असे जायचे.

मी सुरतेत, उधन्याच्या एका मराठी शाळेत शिकवते. दुसरीचा वर्ग. फळ्याकडे वळलं की पाठ मुलांकडे होते, म्हणून त्या दिवसांत मी गडद साड्याच नेसायची. मधल्या सुट्टीत बाथरूमला जाऊन बघून यायचं आणि तास संपताना पुन्हा जायचं. बरोबरच्या एका बाईंनी एकदा विचारलंही, "तुम्हाला साखर तर नाही ना? सारख्या जाता म्हणून विचारलं." मी हसून वेळ मारून नेली.

घरी ते आणखी अवघड होतं. आमचं घर अमळनेरकडचं. सासरे मिलमध्ये लागले तेव्हा सुरतेला आले आणि इथलेच झाले. सासूबाई अजून घरात अहिराणीच बोलतात आणि अडचणीच्या दिवसांत देवघरापासून लांब राहायचं, हा त्यांचा नेम. पूर्वी चार दिवसांचं काही वाटत नसे. पण बारा दिवस कसं सांगायचं? पहिल्या दोन-तीन महिन्यांत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "इतला दिवस? काही तरी खाण्यात येस तुना." पाचव्या महिन्यापासून मी खोटं बोलायला लागले. पाचव्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करायची, देवाला दिवा लावायचा, आणि आतून धास्तावलेलं असायचं. श्रावणात कानबाई देवीच्या रविवारी नैवेद्याच्या रोटासाठीचं पीठ मी मळलं, तेव्हा माझा आठवा दिवस होता. सगळ्या बायका गाणी म्हणत होत्या आणि मी डोळे वर उचलून कानबाईकडे बघितलंसुद्धा नाही.

गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, हार्मोन्सचा गोंधळ आहे, होतं असं. तीन महिने गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत डाग थांबले, गोळ्या बंद झाल्या आणि पुन्हा सुरू. पण आम्हाला दुसरं मूल हवं होतं आणि त्या गोळ्या घेत असताना दिवस राहत नाहीत, म्हणून मी त्या पुन्हा घेतल्या नाहीत. हे असंच असतं आपलं, असं मनाशी ठरवून टाकलं.

मुलगी चार वर्षांची झाल्यापासून आम्ही वाट बघत होतो. दोन वर्षं काहीच नाही. नवरा सुरतेजवळच्या सचिन गावी एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मशीनवर देखरेख करतो. फार बोलणारा माणूस नाही. एके दिवशी डबा भरून देताना तोच म्हणाला, "कतारगामला एक डॉक्टर मॅडम आहेत म्हणे. आमच्या शेठच्या सुनेला गुण आला. जाऊन बघू या का?"

मॅडम गुजराती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. हिंदी आणि गुजराती मिसळून बोलायच्या. त्यांच्याकडे आधी एक फॉर्म भरायचा होता. पाळी नियमित आहे का? होय. किती दिवस? मी लिहिलं, चार. मधे डाग? मी रेघ मारली. नवरा शेजारी बसला होता, समोरच्या खुर्चीवर सासूबाई. त्या हौसेने आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी बारा दिवस कसे लिहिणार होते? आणि खरं सांगायचं तर मला ते लपवायची इतकी सवय झाली होती की आपण खोटं लिहितोय असं वाटलंही नाही.

तपासण्या झाल्या. माझ्या नळ्या उघड्या होत्या, नवऱ्याचा रिपोर्ट बरा होता. कारण काही सापडेना. काही महिने औषधं देऊन बघितली, मग मॅडम म्हणाल्या की आयव्हीएफ करू. इंजेक्शनं, अंडी काढणं, सगळं झालं. तीन चांगले गर्भ तयार झाले आणि ते गोठवून ठेवले. पहिला गर्भ आत सोडला तेव्हा त्यासाठीची बारीक नळी गर्भाशयात जाताना अडली. मॅडमनी दोनदा दिशा बदलली, नळीच्या टोकाला थोडं रक्त लागलं. त्या म्हणाल्या, "थोडं अवघड गेलं, पण झालं." चौदा दिवसांनी रक्त तपासलं, काहीच नव्हतं.

ते दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. वह्या तपासताना एकच वही दोनदा तपासायची. मला सारखं ते पीठ मळणं आठवायचं. शिकलेली बाई मी, शाळेत शिकवते, आणि मनात एकच, देवीने बघितलं.

दुसऱ्या वेळी थोडे दिवस रजा टाकली. गोळ्या सुरू झाल्या, गर्भाशयाचं अस्तर छान वाढलं, दिवस ठरला. त्या सकाळी पोट भरून पाणी पिऊन यायला सांगितलं होतं, कारण लघवीची पिशवी भरलेली असली की सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसतं. मी टेबलावर झोपले. शेजारच्या खोलीत, एका छोट्या खिडकीपलीकडे, लॅब होती. मॅडमनी पोटावर मशीन ठेवलं आणि पडद्याकडे बघत थांबल्या. मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "थांबा. गर्भ अजून बाहेर काढू नका."

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी आतून सोनोग्राफी केली. बराच वेळ बघितलं. मग पडदा माझ्याकडे फिरवला. "हे बघा बेन. गर्भाशयाच्या आत ही काळी रेघ दिसते ना? ते पाणी आहे. आणि हे खाली, जुन्या टाक्याजवळ, हा त्रिकोण. इथून ते येतंय." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला पाळी संपल्यावर डाग राहतात का?"

मी छताकडे बघितलं. सासूबाई बाहेर बसल्या होत्या. "राहतात," मी म्हणाले.

"किती दिवस?"

"सात. आठ. सहा वर्षं झाली."

मॅडमनी नर्सकडून माझी फाइल मागून घेतली. मग म्हणाल्या, "तुम्ही फॉर्मवर लिहिलं नव्हतं."

"नाही."

"चूक तुमची एकटीची नाही. पहिल्या सोनोग्राफीत मला तिथे छोटासा खळगा दिसला होता. सिझर झालेल्या पुष्कळ बायकांत दिसतो, बहुतेकींना काही त्रास नसतो. म्हणून मी सोडून दिलं. मी तोंडाने विचारायला हवं होतं."

मी उठून बसले. पाण्याने पोट फुटायला आलेलं, अंगावर हिरवं कापड. मी म्हणाले, "मॅडम, थोडंसंच पाणी आहे ना? सोडून द्या गर्भ. मी इतके दिवस गोळ्या खाल्ल्या. सोडून द्या."

"या पाण्यात जुनं रक्त आहे. गर्भ त्यात रुजायची शक्यता कमी. तुमच्याकडे दोनच आहेत. एक मी असा घालवणार नाही."

मी त्यांच्याशी भांडले. तुमच्यामुळेच पहिला गेला, असंही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी नर्सने माझा हात धरून मला बाथरूमकडे नेलं आणि तिथे मी रडले.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय व्हयनं माय?" मी त्यांना तिथेच, इतर बायकांसमोर, सगळं सांगून टाकलं. बारा दिवस. सहा वर्षं. देवाजवळचा दिवा, कानबाईचं पीठ. कसं कोण जाणे, तोंडातून निघतच गेलं.  सासूबाई रिक्षात बाहेर बघत बसल्या. पुढचे तीन दिवस घरात माझ्याशी बोलल्या नाहीत, नुसतं ताट वाढायच्या. चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर दारात येऊन म्हणाल्या, "सहा वरीस तुले त्रास, आनि तू माले भ्यायनी. मी इतली वाईट शे का?" मी चपला घालून तशीच निघाले. पण पुढच्या वेळी दवाखान्यात जायचं होतं तेव्हा त्या आधी तयार होऊन बसल्या होत्या.

मॅडमनी पाळी संपल्या संपल्या बोलावलं, कारण तेव्हा तो खळगा सगळ्यात स्पष्ट दिसतो. बारीक नळीतून गर्भाशयात सलाईन सोडून सोनोग्राफी केली. मग एका कागदावर चित्र काढून समजावलं. सिझरमध्ये गर्भाशयाच्या खालच्या भागात जिथे छेद घेतात, तिथली जखम कधी कधी पूर्ण जाडीने भरून येत नाही. आतल्या बाजूने खाच राहते. इस्थमोसील म्हणतात त्याला. पाळीचं रक्त त्या खाचेत साचतं आणि नंतर थोडं थोडं झिरपत राहतं. तेच डाग. तेच रक्त कधी वर, गर्भाशयात चढतं. पहिल्या वेळी नळी अडली होती तीही बहुधा तिथेच, खाचेत शिरून.

"तिथे भिंत किती उरलीय?" नवऱ्याने विचारलं. एवढा वेळ तो कागदाकडेच बघत होता.

"दोन मिलिमीटर."

"आणि असायला किती हवी?"

मॅडम म्हणाल्या, तीनच्या वर असती तर खालून दुर्बीण घालून आतली कड घासून सपाट करता आली असती. इतक्या पातळ भिंतीवर तसं केलं तर भोक पडून लघवीच्या पिशवीला इजा होऊ शकते, शिवाय त्याने भिंत जाड होत नाही. तुमच्यासाठी पोटातून दुर्बीण घालून तो खराब भाग कापायचा आणि नव्याने शिवायचं. मग सहा महिने थांबायचं.

नवरा म्हणाला, "विरलेला भाग कापून टाकून चांगल्या कापडाला चांगलं कापड जोडायचं. बरोबर ना?"

"बरोबर," मॅडम हसल्या. मग गंभीर झाल्या. "पण एक सांगते. डाग बहुतेक थांबतील, हे मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकते. मूल राहीलच, हे कोणी म्हणू शकत नाही. आणि राहिलं तरी पुढे सिझरच, कळा सुरू व्हायच्या आधी."

घरी येऊन नवरा म्हणाला, "एक मुलगी आहे आपल्याला. राहू दे." तो मनापासून म्हणाला हे मला कळत होतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. आठवडाभर मी नुसती येरझाऱ्या घालत होते. स्वयंपाकघर, गॅलरी, पुन्हा स्वयंपाकघर. मला कोणाला तरी जाब विचारायचा होता.

म्हणून मी एकटीच जाऊन माझं सिझर केलेल्या डॉक्टरांना भेटले. लिंबायतमधलं छोटं हॉस्पिटल. ते आता म्हातारे झाले होते, नवीन पेशंट त्यांचा मुलगा बघायचा. मी सोनोग्राफीचे फोटो त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हे तुम्ही शिवलेलं."

त्यांनी चष्मा बदलून फोटो बघितले. मग जुने कागद मागवले. माझा कागद सापडायला वेळ लागला. वाचून म्हणाले, "कळा देऊन दहा तास झाले होते. गर्भाशयाचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडलं होतं, बाळ खाली उतरून अडकलं होतं, ठोके कमी होत होते. अशा वेळी गर्भाशयाचा खालचा भाग ताणून कागदासारखा होतो. छेद खाली लागला असेल. त्यात तुमचं गर्भाशय मागे झुकलेलं, इथे लिहिलंय. अशा ठिकाणी जखम नीट न भरण्याची शक्यता जास्त." त्यांनी कागद खाली ठेवला. "बाळ लगेच रडलं, हे मला आठवतं असं मी खोटं सांगणार नाही. पण लिहिलंय, लगेच रडलं."

"म्हणजे चूक नव्हती?"

"मी घाईत होतो, पण निष्काळजी नव्हतो. तरी टाके माझेच आहेत. तुम्हाला सहा वर्षं त्रास झाला, ते मला कुणी येऊन सांगितलं नाही, म्हणून कळलं नाही." मग म्हणाले, "शिवून घ्या. ज्या कोणाचा हात चांगला असेल त्यांच्याकडे. माझे कागद घेऊन जा, त्यांना उपयोग होईल."

मी भांडायला गेले होते आणि कागदांची झेरॉक्स घेऊन परत आले. राग गेला नाही, पण आता तो कुणावर काढायचा हेच कळेना.

मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. मॅडमच्या ओळखीचे दुर्बिणीचे एक सर्जन होते. नवऱ्याला त्यांनी बाहेरच्या पडद्यावर थोडं दाखवलं. नेमकी जागा कळावी म्हणून खालूनही एक दुर्बीण घातली होती, तिचा उजेड त्या पातळ भिंतीतून पलीकडे दिसत होता, असं तो म्हणाला. "टाक्याच्या जागी दिवा लागलेला. तेव्हा समजलं किती पातळ होतं ते." त्यानंतर त्याने 'राहू दे' हा शब्द काढला नाही.

पुढची पाळी आली. चार दिवस. पाचव्या दिवशी मी वाट बघत होते. सहाव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशीही मी गडदच साडी नेसून गेले, मधल्या सुट्टीत जाऊन आले. काही नाही. आठव्या दिवशी दोनदा जाऊन आले. आनंद व्हायला हवा होता, पण मला विश्वासच बसत नव्हता. तीन महिने मी तशीच बघत राहिले.

सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली. भिंत साडेपाच मिलिमीटर, खाच जवळजवळ नाही. मॅडमनी दोन्ही गर्भ एकदम सोडायला नकार दिला. जुळं झालं तर टाक्यावर ताण येईल, म्हणून एकेकच. पाणी नव्हतं, नळी सरळ गेली. चौदा दिवसांनी रक्तात गर्भ राहिल्याचा आकडा आला, पण अगदी कमी. दोन दिवसांनी आणखी कमी झाला. मॅडम फोनवर म्हणाल्या, "रुजायला लागला होता, टिकला नाही. याचं कारण टाका असेल असं मला वाटत नाही. कधी कधी गर्भातच दोष असतो."

आता एकच उरला होता. मी दोन महिने मॅडमकडे गेले नाही. शेवटचा गर्भ तिथे गोठलेला आहे, तोवर काहीतरी शिल्लक आहे, असं वाटायचं. तो वापरला की संपलं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "आते कसाले थांबनी?" मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठेवीसन काय व्हस? चाल."

तो रुजला. आकडा दुप्पट झाला, पुन्हा दुप्पट झाला. पण मॅडम लगेच अभिनंदन म्हणाल्या नाहीत. सहाव्या आठवड्यात बोलावलं, कारण गर्भ जुन्या टाक्यातच रुजला तर ते जिवावर बेततं. मी टेबलावर झोपले आणि डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "वर आहे. अगदी वर, जिथे असायला हवा तिथे. आणि ठोके ऐका."

त्यानंतरचे महिने लोक म्हणतात तसे सुखाचे नव्हते. कुठे जरा दुखलं की मला वाटायचं टाका उसवला. वर्गात एका मुलाने धावत येऊन पोटाला मिठी मारली तर मी त्याला जवळजवळ ढकललंच, आणि मग तास संपेपर्यंत मलाच कसंतरी होत राहिलं. बाळाची वार कुठे आहे, टाक्यावर तर नाही ना, हे मॅडम दर वेळी बघायच्या. मी दर वेळी तोच प्रश्न विचारायची, "टिकेल ना?" त्या दर वेळी तेच म्हणायच्या, "आज ठीक आहे."

सदतिसावा आठवडा पूर्ण झाल्यावर, कळा यायच्या आत, सिझर ठरलं. त्या सकाळी कागदावर सही घेताना मॅडमनी विचारलं, "नळ्याही बांधून टाकू?" मी आणि नवरा एकमेकांकडे बघून हसायला लागलो. इतकी वर्षं एका मुलासाठी धडपडलो आणि आता ही सही. पण मी केली. त्या भिंतीला आणखी एकदा परीक्षेला बसवायची माझी हिंमत नव्हती.

कमरेखालचं बधिर होतं, पण मी जागी होते. पडद्यापलीकडे मॅडम आणि त्यांची मदतनीस हळू आवाजात बोलत होत्या. मला फक्त ओढल्यासारखं जाणवत होतं. मग बाळ रडलं. मुलगी. नर्सने माझ्या गालाशी धरली, ओली, गरम. मी म्हणाले, "मॅडम, भिंत?"

पलीकडून आवाज आला, "थोडी पातळ आहे, पण धरून ठेवलंय तिने. बेन, आता तरी बाळाकडे बघा."